मराठी प्रपत्रांतले चौकोन आणि तुटलेली जोडाक्षरे : प्रपत्रे पाठवणाऱ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
तालुका व जिल्हा पातळीवर एक्सेलमध्ये मराठी प्रपत्रे तयार करून शाळांकडे पाठवणारे सर्व सहकारी

विषय : पाठवलेली फाईल शाळेच्या संगणकावर उघडल्यावर मराठीच्या जागी चौकोन दिसणे किंवा जोडाक्षरे तुटणे

सप्रेम नमस्कार.

मी एका ग्रामीण माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. वर्षभर तुमच्याकडून आमच्याकडे प्रपत्रे येतात. आम्ही ती भरतो, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेतो आणि परत पाठवतो. तुमच्या टेबलावर फाईल अगदी व्यवस्थित दिसते, म्हणून तुम्ही ती विश्वासाने पाठवता, याची मला पूर्ण कल्पना आहे. आमच्या टेबलावर तीच फाईल कशी दिसते आणि त्यातून पुढे काय होते, ते तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी दुपारी शिष्यवृत्तीची यादी आली. २१४ मुली, नावे आधीच भरलेली. आम्ही फक्त बँक खाते आणि हजेरीचे दोन स्तंभ भरायचे होते. मुदत सोमवारची. कार्यालयातला संगणक दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी फाईल पेनड्राइव्हवर घेऊन संगणक कक्षात गेले. तिथल्या यंत्रांवर लिनक्स आणि लिबरऑफिस आहे. फाईल उघडली तर आकडे जिथल्या तिथे, रकाने जिथल्या तिथे, आणि नावांच्या स्तंभात ओळीने रिकामे चौकोन. एका नावात दहा चौकोन, दुसऱ्यात चौदा.

'फाईल करप्ट झाली' असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. तुमच्या कार्यालयात फोन लागला नाही. शेवटी मी आणि एक शिक्षिका जनरल रजिस्टर घेऊन बसलो आणि शनिवार संध्याकाळपर्यंत, मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपवर, मूळ फाईल तिथे उघडून न पाहताच, २१४ नावे नव्याने टाइप करून काढली आणि चौकोनांच्या जागी चिकटवली. फाईल वेळेत गेली. तीन आठवड्यांनी निरोप आला की ३१ मुलींची नावे मूळ यादीशी जुळत नाहीत, त्यामुळे त्यांची प्रकरणे थांबवली आहेत.

त्या ३१ मुलींची नावे रजिस्टरप्रमाणे बरोबरच होती. जुळत नव्हती कारण आमचे टंकलेखन आणि तुमचे टंकलेखन एकसारखे नव्हते. नावापुढे कुठे एक जादा स्पेस पडली होती, कुठे अनुस्वाराऐवजी जोडाक्षर झाले होते, कुठे ऱ्ह वेगळ्या पद्धतीने टाइप झाला होता. खरे म्हणजे आम्ही त्या स्तंभाला हातच लावायला नको होता. चौकोनांच्या आत नावे जशीच्या तशी शाबूत होती. हे मला आमच्या संगणक शिक्षकांनी नंतर फाईल उघडून दाखवले, आणि त्यांनी दाखवले तेच तुम्हाला सांगायचे आहे.

एक्सेलची `.xlsx` फाईल ही आतून एक झिप पिशवी असते. फाईलची एक प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटी `.zip` केले तर ती उघडून आतले कप्पे बघता येतात. आम्ही तुमच्या त्या यादीची प्रत अशी उघडली. `xl` नावाच्या फोल्डरमध्ये `sharedStrings.xml` ही फाईल होती आणि त्यात नावे होती:

```
<si><t>कऱ्हाडे</t></si>
```

शेजारीच `styles.xml` होती. तिच्यात नावांच्या स्तंभाचा फॉन्ट असा लिहिला होता:

```
<font><sz val="16"/><name val="Kokila"/></font>
```

मजकूर एका कप्प्यात, फॉन्टचे नाव दुसऱ्या कप्प्यात. फॉन्ट स्वतः, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या असलेली फाईल, पिशवीत कुठेच नव्हती. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये फॉन्ट फाईलसोबत बांधून पाठवण्याची सोय आहे, एक्सेलमध्ये ती नाही. तुमची फाईल आमच्याकडे फक्त एवढा निरोप घेऊन येते की 'हे कोकिलामध्ये दाखवा, १६ आकारात'. आमच्या यंत्रावर कोकिला असेल तर ते दाखवते. नसेल तर संगणक स्वतःच्या मनाने दुसरा फॉन्ट घेतो. ज्या यंत्रावर देवनागरीचा एकही फॉन्ट नाही, त्याच्याकडे घ्यायला काहीच नसते. मग ते प्रत्येक अक्षराच्या जागी 'आकृती उपलब्ध नाही' या अर्थाचा चौकोन काढते. आमच्या कक्षातले लिनक्स कोणीतरी केवळ इंग्रजीपुरते बसवले होते, आणि तिथे नेमके हेच झाले होते.

नाव शाबूत आहे की नाही हे पिशवी न उघडताही कळते. चौकोन दिसणाऱ्या यंत्रावरच, शेजारच्या रिकाम्या रकान्यात एवढे लिहायचे:

```
=UNICODE(B7)
```

हे सूत्र एक्सेल २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत चालते, लिबरऑफिसमध्येही चालते. ते रकान्यातल्या पहिल्या अक्षराचा क्रमांक सांगते. आमच्या यादीत बी-७ मध्ये चौकोनच चौकोन होते आणि सूत्राने उत्तर दिले `2325`. हा 'क'चा क्रमांक आहे. मराठीला लागणारी देवनागरीची सगळी अक्षरे `2304` ते `2431` या पट्ट्यात बसतात. उत्तर या पट्ट्यातले आले की निश्चिंत राहावे: मजकूर मराठीच आहे, यंत्राला तो काढता येत नाही एवढेच.

उत्तर `63` आले तर मात्र पोटात गोळा यायला हवा. ते खऱ्या प्रश्नचिन्हाचा क्रमांक आहे. कोणीतरी मधल्या मध्ये फाईल साध्या सीएसव्हीमध्ये साठवली आणि तिथे मराठी अक्षरे कायमची गेली, असा त्याचा अर्थ. त्यावर कोणताही फॉन्ट टाकून उपयोग नाही, मूळ फाईल पुन्हा मागवावी लागते. पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हे दोन्ही 'मराठी गेली' अशीच वाटतात, पण एकात मजकूर जिवंत असतो आणि दुसऱ्यात नसतो. हा फरक त्या शुक्रवारी मला माहीत असता तर ते ३१ अर्ज अडकले नसते.

तिसराही एक प्रकार तुमच्याकडून अजून येतो. काही कार्यालयांत जुन्या याद्या कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये ठेवलेल्या आहेत. तिथे रकान्यात मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी अक्षरे असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचे कपडे घालतो. कृतिदेवमध्ये 'राम' दिसत असला तरी रकान्यात असते `jke`, आणि वरचे सूत्र सांगते `106`, म्हणजे इंग्रजी जे. असा फॉन्ट आमच्याकडे नसला तर चौकोन न येता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मग एखादा सहकारी सगळे निवडून फॉन्ट 'मंगल' करून बघतो आणि काहीच बदलत नाही, कारण मंगल इंग्रजी जे ला जे म्हणूनच दाखवणार. त्यासाठी मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि ते काम यादी जिथे जन्मली तिथेच व्हायला हवे. शंभर शाळांनी शंभर प्रकारे रूपांतर केले तर शंभर प्रकारच्या चुका तुमच्याकडेच परत येतील.

आता तुटलेल्या जोडाक्षरांविषयी, कारण यात सगळ्यात जास्त फसगत होते. चौकोन दिसले की निदान कळते तरी की काहीतरी बिघडले आहे. जोडाक्षरे तुटली की वाचणाऱ्याला वाटते, टाइप करणाऱ्याने चूक केली.

आमच्या कक्षातल्या यंत्रावर चौकोन घालवण्यासाठी एका माजी विद्यार्थ्याने जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरे असलेला एक फॉन्ट आणून टाकला. चौकोन गेले, पण शीर्षकात 'विद्यार्थी'च्या जागी 'विद्‌यार्‌थी' दिसू लागले. 'ज्ञानेश्वरी' झाले 'ज्‌ञानेश्‌वरी'. जिथे जोडाक्षर तिथे पायमोडके अक्षर. याचे कारण असे की संगणकात जोडाक्षर नावाची वस्तू साठवलेलीच नसते. 'द्य' म्हणजे द, मग पाय मोडण्याची खूण, मग य, अशी तीन चिन्हे एकामागे एक. 'विद्यार्थी' या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, आणि `=LEN` सूत्र तोच आकडा देते. ती दहा चिन्हे वाचून 'द आणि य यांच्या जागी द्य ही आकृती काढ', 'हा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार म्हणून चढव' हे नियम फॉन्टच्या आत लिहिलेले असतात. त्या माजी विद्यार्थ्याने आणलेल्या फॉन्टमध्ये सुटी अक्षरे होती, जोडण्याचे नियम नव्हते.

दुसरी खूण पहिल्या वेलांटीची. 'कि' लिहिताना संगणकात आधी क असतो, मग वेलांटी. ती उचलून क च्या डावीकडे ठेवण्याचे काम संगणकातली अक्षरजुळणी करणारी यंत्रणा करते. म्हणून वेलांटी योग्य जागी आणि फक्त जोडाक्षरे तुटलेली दिसली, तर दोष बहुधा फॉन्टचा. वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडली असेल, तर जुळणीच होत नाही असे समजावे. विंडोज एक्सपी असलेल्या जुन्या यंत्रांवर ही गोष्ट नेहमीची होती, कारण तिथे भारतीय लिप्यांची जुळणी सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावी लागत असे. आमच्या शाळेत जुन्या प्रिंटरमुळे असे एक यंत्र अजून जपून ठेवले आहे, आणि शाळाशाळांत अशी यंत्रे मी पाहिली आहेत.

अशा यंत्रावर बसलेला माणूस काय करतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला 'शिंदे'ची वेलांटी चुकीच्या बाजूला दिसते. तो प्रामाणिकपणे ती पुसतो, आधी वेलांटी आणि मग श टाइप करतो. आता त्याच्या पडद्यावर नाव बरोबर दिसते. तीच फाईल तुमच्या चांगल्या संगणकावर उघडली की वेलांटी एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते आणि श एकटा पडतो. तुम्हाला वाटते शाळेने नाव बिघडवले, त्याला वाटते तुम्ही बिघडलेले पाठवले. ठिपक्यांचे ते वर्तुळ दिसले की शाळेवर रागावण्याआधी एवढे लक्षात घ्या, की ते नाव कोणीतरी 'सुधारले' आहे.

मराठीपुरती यातली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे ऱ्ह आणि ऱ्य. वऱ्हाड, गिऱ्हाईक, दुसऱ्या, आणि कऱ्हाडे हे आडनाव. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, त्याचा क्रमांक `2353`. दुसऱ्यात साधा र, पायमोड, आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याचा क्रमांक `8205`. पडद्यावर दोन्ही कऱ्हाडे सारखेच दिसतात. `LEN` विचारले तर एक कऱ्हाडे `7` चिन्हांचा निघतो, दुसरा `8`.

```
=EXACT(B7,F7)
```

या सूत्राने बी-७ मधला तुमचा कऱ्हाडे आणि एफ-७ मधला आमचा कऱ्हाडे ताडून पाहिला, तर उत्तर आले `FALSE`. जो फॉन्ट ते अदृश्य चिन्ह ओळखत नाही तो तिथे एक चौकोन काढतो, किंवा अर्धा र सोडून सरळ रफार देतो आणि नाव 'कर्हाडे' होते. हिंदीसाठी केलेल्या फॉन्टवर असे झालेले मी पाहिले आहे. मुलीच्या दाखल्यावर 'कर्हाडे' छापून गेले तर तिला पुढे राजपत्र आणि प्रतिज्ञापत्रांच्या रांगेत उभे राहावे लागते, म्हणून मी हे एवढे सविस्तर लिहीत आहे.

ओळीत बाकी सगळे नीट आणि एकच चौकोन, असेही होते. तुमच्या यादीत एका स्तंभाचे शीर्षक 'ॲडमिशन क्रमांक' होते. एक्सपीच्या यंत्रावर पहिल्याच अक्षराचा चौकोन झाला. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. रुपयाचे ₹ चिन्ह २०१० साली. त्याआधी तयार झालेल्या फॉन्टमध्ये या आकृत्या असणेच शक्य नाही. अशा वेळी लोक ॲ च्या जागी हिंदीतला ऍ टाइप करतात, किंवा अ वर अर्धचंद्र देतात. दिसायला जवळपास तेच, पण शोधताना तीन वेगळे शब्द. म्हणून जिथे पर्याय असेल तिथे शीर्षकात 'प्रवेश क्रमांक' लिहा आणि रकमेच्या स्तंभात 'रु.' लिहा, एवढी विनंती आहे.

विंडोज १० किंवा ११ असलेल्या यंत्रांवर चौकोन क्वचितच दिसतात, आणि तिथे वेगळीच अडचण येते. मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. नंतर तिथे उघडली तेव्हा तुमची यादी वाचता येत होती, पण छापायला घेतली तर तुमच्या सूचनेतली ६ पाने ११ झाली, आणि कित्येक नावांवरचे अनुस्वार आणि रफार कापले गेले. 'शिंदे'चे 'शिदे' झाले. फॉन्टच्या चौकटीत नाव मात्र `Kokila` हेच दिसत होते. ही चौकट फाईलमध्ये लिहिलेले नाव दाखवते, तो फॉन्ट यंत्रावर आहे की नाही ते सांगत नाही. खाली उघडणाऱ्या यादीत ते नाव सापडते का, हे पाहावे लागते. लिबरऑफिस निदान गैरहजर फॉन्टचे नाव तिरप्या अक्षरांत दाखवते.

झाले होते असे. कोकिला, उत्साह, अपराजिता आणि मंगल हे फॉन्ट विंडोज १० पासून सगळ्या यंत्रांवर आपोआप येत नाहीत. विंडोजमध्ये हिंदी किंवा मराठी भाषा जोडली, किंवा `Optional features` मध्ये जाऊन `Devanagari Supplemental Fonts` घेतले, तरच ते येतात, आणि त्यासाठी इंटरनेट आणि प्रशासकाचा पासवर्ड दोन्ही लागतात. तुमच्या यंत्रावर भाषा जोडलेली आहे म्हणून तुमच्याकडे ते आहेत. आमच्याकडे भाषा जोडलेली नव्हती, म्हणून विंडोजने निर्मला यूआय वापरला. कोकिला हा अंगाने लहान फॉन्ट, म्हणूनच तुम्ही तो १६ आकारात घेतला असणार. निर्मला त्याच १६ आकारात चांगलाच मोठा होतो. ओळींची उंची तुम्ही कोकिलाच्या मापाने बांधून ठेवली होती, त्यामुळे डोक्यावरच्या खुणा बाहेर गेल्या. ओळींची उंची मोकळी सोडली असती तर एवढे कापले गेले नसते.

म्हणून फॉन्टची निवड ही माझी तुम्हाला पहिली विनंती. प्रपत्र भरून परत यायचे असेल तर ते निर्मला यूआयमध्ये, ११ किंवा १२ आकारात करा. विंडोज ८ पासून पुढच्या प्रत्येक यंत्रावर तो आधीपासून असतो. विंडोज ७ वर तो नाही, पण तिथे मंगल असतो आणि संगणक तो घेतो. दोघांच्या मापात फार मोठी दरी नाही. नक्षीदार फॉन्ट फलकासाठी आणि प्रमाणपत्रासाठी ठेवा.

दुसरी विनंती, एक्सेलसोबत त्याच फाईलची पीडीएफ जोडा. पीडीएफ करताना वापरलेल्या अक्षरांच्या आकृत्या तिच्यात बांधल्या जातात, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. आमच्या यंत्रावर चौकोन आले तरी नाव काय आहे ते शेजारी वाचता येईल आणि कोणी रजिस्टर घेऊन बसणार नाही. ही पीडीएफ तुमच्याच यंत्रावर, फाईल नीट दिसत असताना करायला हवी. चौकोन दिसणाऱ्या यंत्रावर केलेल्या पीडीएफमध्ये चौकोनच पक्के होतात.

आणि नावांचा स्तंभ कुलूपबंद करा. आम्हाला भरायचे रकाने मोकळे ठेवून बाकी शीट `Protect Sheet` ने संरक्षित करता येते. मला त्या दिवशी नाव बदलताच आले नसते तर मी थांबले असते, कोणालातरी विचारले असते. जुळणीही नावावरून करू नका. प्रत्येक मुलीला विद्यार्थी आयडी आहे, तो आकड्यांचा आहे, आणि आकडे कोणत्याही फॉन्टमध्ये तुटत नाहीत. तुम्ही जुळणी त्यावर केली असती, तर आमच्या टंकलेखनात काहीही फरक असला तरी ३१ प्रकरणे थांबली नसती.

आमच्या बाजूचे काम आम्ही केले आहे, तेही सांगते, कारण इतर शाळांतले सहकारी हे वाचतील. कक्षातल्या लिनक्स यंत्रावर मराठी अक्षरे असलेला फॉन्ट आहे की नाही हे या आज्ञेने कळते:

```
fc-list :lang=mr
```

माजी विद्यार्थ्याने आणलेला, नियम नसलेला फॉन्ट आधी काढून टाकला, तेव्हा आमच्याकडे खाली एकही ओळ आली नाही. उबुंटू किंवा डेबियन असेल तर पुढची आज्ञा देवनागरी फॉन्ट घेऊन येते:

```
sudo apt install fonts-deva
```

त्यानंतर लिबरऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडले, आणि शुक्रवारची तीच मूळ फाईल उघडली. २१४ नावे होती तशी समोर आली, कऱ्हाडेसकट. ज्या यंत्राला इंटरनेट नाही, तिथे नोटो सान्स देवनागरी हा मुक्त परवान्याचा फॉन्ट पेनड्राइव्हवरून नेऊन `~/.local/share/fonts` या फोल्डरमध्ये ठेवला आणि `fc-cache -f` चालवले. विंडोजचे मंगल किंवा कोकिला असे उचलून दुसरीकडे नेऊ नका, ते विंडोजच्या परवान्यात बांधलेले आहेत. एक्सपीच्या यंत्रावर आता मराठी याद्या उघडायच्याच नाहीत असे आम्ही ठरवले आहे. तिथे फक्त तयार पीडीएफ छापतो.

शेवटची विनंती छोटी आहे. प्रपत्राच्या पहिल्या शीटवर सगळ्यात वर एक चाचणीची ओळ ठेवा. तिच्यात अवघड जागा सगळ्या येऊ द्या:

कऱ्हाडे, ज्ञानेश्वरी, विद्यार्थी, शिंदे, ॲडमिशन, ₹

ही ओळ रकान्यात टाइप करा, आणि तिच्याच खाली, तुमच्या पडद्यावर ती जशी दिसते त्याचे चित्र चिकटवा. चित्राला फॉन्ट लागत नाही, ते सगळीकडे तसेच दिसेल. वरची ओळ आणि खालचे चित्र सारखे दिसले तर आम्ही पुढे भरू. वेगळे दिसले तर आधी यंत्र दुरुस्त करू, रकान्याला हात लावणार नाही. चित्राखाली एका ओळीत फॉन्टचे नाव आणि आकारही लिहिलात, तर काय बसवायचे हे आम्हाला फोन न करता कळेल.

त्या ३१ मुलींपैकी २८ जणींची प्रकरणे आम्ही दाखल्यांच्या प्रती जोडून पुन्हा पाठवली आणि ती मंजूर झाली. तिघी तोवर दहावी होऊन शाळा सोडून गेल्या होत्या. त्यांचे पालक अजून विचारायला येतात, त्यांच्या फायली माझ्या टेबलावर वेगळ्या ठेवल्या आहेत. या वर्षीची यादी तुम्ही पाठवाल तेव्हा चाचणीची ओळ टाकून पाठवा. ती आमच्या लिनक्स आणि विंडोज ११ च्या यंत्रांवर कशी दिसली, त्याचे फोटो मी त्याच दिवशी परत पाठवीन.

आपली नम्र,
एका माध्यमिक शाळेतील कनिष्ठ लिपिक